ज्योतिष म्हणणाऱ्या वाचकाला

कंपनीची किंमत तक्त्यात कशी काढतात, या माझ्या लेखावरची प्रतिक्रिया: "तुमच्याच तक्त्यात किमतीचा 74 टक्के भाग टर्मिनल व्हॅल्यूचा, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या अंदाजाचा आहे. म्हणजे हे मूल्यांकन नव्हे, एक्सेलमधलं ज्योतिष! पुढचा पैसा आजच्या मोलात आणायचा डिस्काउंट रेट 12 टक्केच का? आणि घसाऱ्याइतकाच भांडवली खर्च धरून कंपनी कायम 5 टक्के कशी वाढणार? लिहिण्याआधी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं."

उत्तर: अभ्यासाचं म्हणाल, तर माझी बावीस वर्षं कर्ज-प्रस्तावांचे असलेच तक्ते तपासण्यात गेली. मतभेद असू द्या, पण 'ज्योतिष' हा शब्द टाळता आला असता.

घसाऱ्याचं मान्य. वाढणाऱ्या कंपनीला घसाऱ्यापेक्षा जास्त खर्च लागतो, तेव्हा पाचव्या वर्षाचा कॅश फ्लो, म्हणजे सगळा खर्च भागवून हाती उरणारा पैसा, मी चढा धरला. दुरुस्त करीन. पण तुमचा सगळा आवेश त्या 74 वर आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

पहिल्या वर्षी कॅश फ्लो 100 कोटी, पुढे 10 टक्के वाढ. पाचव्या वर्षी 146 कोटी होतात. या पाच वर्षांचं आजचं मोल 431 कोटी. त्यापुढची कायमची वाढ 5 टक्के धरली, तर टर्मिनल व्हॅल्यूचं आजचं मोल 1,246 कोटी. एकूण 1,677. आता कंपनीत काहीही न बदलता तक्ता दहा वर्षांचा करा, सहाव्या वर्षापासून तीच 5 टक्के वाढ ठेवून. एकूण तेच 1,677 येतात, टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा मात्र 54 टक्क्यांवर उतरतो. ज्योतिष कमी झालं का? नाही, फक्त रेघ पुढे सरकली. चालता धंदा पाच वर्षांत गाशा गुंडाळत नाही, मग किमतीचा मोठा भाग रेघेपलीकडे असणारच!

खरी भीती वेगळीच आहे, ती तुम्हाला दिसलीच नाही. टर्मिनल व्हॅल्यूच्या सूत्रात भागायचं असतं ते दर आणि वाढ यांच्यातल्या फरकाने. 12 वजा 5 म्हणजे 7. दर 11 केला की उरतात 6, आणि एकूण किंमत 1,963 कोटींवर जाते. त्यातली पहिल्या पाच वर्षांची भर जेमतेम 12 कोटी. एकदा माझ्या टेबलावर आलेल्या प्रस्तावात दर 11 आणि कायमची वाढ 8 होती. फरक फक्त 3. मी शेवटच्या वर्षाच्या कॅश फ्लोने टर्मिनल व्हॅल्यूला भागून पाहिलं, उत्तर 36 पट आलं. माझ्या तक्त्यात ते 15 पट आहे. साहेबांना एवढंच विचारलं, की पाच वर्षांनी ही कंपनी 36 पटीने कोण घेणार? फाइल परत गेली.

आणि 12 टक्के म्हणजे सरकारी रोख्याचे 7, वर शेअरच्या जोखमीचे 5. लेखात लिहायचं राहिलं, एवढंच. तुम्हाला 13 योग्य वाटत असेल तर 13 घालून पाहा, सेल बी-2 मोकळाच आहे.