एक चमचा दही आणि दिवेलागण

रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता मी, वय वर्षं अठ्ठावन्न, हातात स्टीलची वाटी घेऊन समोरच्या काकूंच्या दारात उभा होतो आणि मला चमचाभर विरजण मिळालं नाही. आज बुधवार आहे, राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहून टाकतोय.

मुलीचं बाळंतपण होतं म्हणून आम्ही दोघं जूनच्या पहिल्या आठवड्यात बंगलोरला गेलो. ही अजून तिथेच आहे, मी एकटाच पुण्याला परत आलो. बाकी काही नाही, ताटात घरचं दही लागतं. मला माहीत होतं की चार महिने लागणार, म्हणून मे महिन्यातच दोन सोयी करून ठेवल्या होत्या. एक फ्रीजरमध्ये आणि एक डब्यांच्या कपाटात. त्यातली फ्रीजरची सोय संपली होती, ती कशी ते पुढे येईल. आणि कपाटातल्या विरजणाला जागं व्हायला दोन दिवस तरी लागतात. मला दही सोमवारी दुपारी हवं होतं. म्हणून वाटी.

बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत देवघरात लावलेल्या निरांजनाकडे.

"अरे, दिवे लागलेत."

"हो काकू, अंधारच लवकर पडतो आता. जरा चमचाभर विरजण हवं होतं."

"तेच सांगतेय. दिवे लागल्यावर दही देत नाहीत. दही नाही, दूध नाही, मीठ नाही. लक्ष्मी जाते."

मी म्हटलं, काकू, चमचाभर दही आहे, लक्ष्मी काय चमच्यात बसून जाणार आहे का. तर म्हणाल्या, "बसते की. ती कशातही बसते." यावर काय बोलणार. आतून काका ओरडले, "दे गं त्याला, काय होतंय!" तर काकू वळून म्हणाल्या, "तुम्ही बोलूच नका. मागच्या वर्षी तुम्ही वरच्यांना संध्याकाळी मीठ दिलंत आणि आठ दिवसांत सोसायटीची मोटर जळली." काका गप्प. मोटर जळली ती व्होल्टेजमुळे, मी स्वतः इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं, पण हा मुद्दा त्या वेळी काढण्यात अर्थ नव्हता.

शेवटी मी म्हटलं, असं करू, मी तुम्हाला एक रुपया देतो, म्हणजे ते देणं राहणार नाही, विकत घेणं होईल. हे बोललो आणि फसलो.

"म्हणजे मी दारात बसून दही विकते?"

"तसं नाही हो काकू."

"नाही, बोललास ना. बोल की. वाटीला रुपया, भगोण्याला दहा. पाटी लावते उद्या."

मग त्यांचंच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण म्हणाल्या की ये, पाणी तरी पी. पाणी द्यायला चालतं, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी फ्रीज उघडला आणि मी पाहिलं. मधल्या कप्प्यात बाजारच्या दह्याचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा! म्हणजे ज्या विरजणासाठी मी लक्ष्मीशी वाद घालत होतो ते गल्लीतल्या डेअरीतून आणलेलं होतं. मी खाली उतरून तेच विकत आणू शकत होतो. पण आता चमचाभर दह्याचा प्रश्नच राहिला नव्हता.

पाणी पिताना काकूंनी विचारलं, "पण तू तर जाताना काहीतरी बर्फात घालून गेला होतास ना विरजणासाठी? मला दाखवलं होतंस."

दाखवलं होतं. मेमध्ये किल्ली द्यायला आलो तेव्हा मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं होतं. आदल्या रात्री लागलेलं ताजं, गोडसर दही घ्यायचं, आंबट झालेलं नाही, कारण आंबट दह्यातले जंतू आपल्याच आम्लात निम्मे थकलेले असतात आणि गोठवताना त्यांना आणखी मार बसतो. दही चमच्याने गुळगुळीत फेटायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये एका खणात एक मोठा चमचा याप्रमाणे भरायचं, आणि वड्या घट्ट झाल्या की काढून झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, फ्रीजरच्या तळाशी मागच्या बाजूला. दाराशी नाही, तिथे दार उघडझाप करताना सारखं वितळतं-गोठतं. मी अशा सहा वड्या ठेवल्या होत्या. या थंडीत जंतू मरत नाहीत सगळे, बरेचसे झोपून राहतात, थोडे मात्र बर्फाच्या टोकांनी फाटून जातात. दोन-तीन महिन्यांपर्यंत भरवसा चांगला, नंतर दर महिन्याला थोडा थोडा कमी होत जातो. मी चार महिने ठेवणार होतो, म्हणून सहा.

"हो काकू. ते वितळलं."

"वितळलं? वितळायचंच. मी मेन स्विच बंद केला होता ना!"

हे त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "अरे, रिकामा फ्रीज चार महिने चालवायचा? बिल किती आलं असतं! जुलैमध्ये पंधरा दिवस बंद केला होता, मग वाटलं तू येशील तर पाणी थंड हवं, म्हणून चालू केला." माझं बिल वाचवलं त्यांनी. त्यांच्या मते मी आभार मानायला हवे होते. मी मानलेही. भित्रा माणूस आहे मी.

पण मला ते आल्या आल्या कळलं होतं. पिशवीत सहा वड्या नव्हत्याच, एक चपटी लादी होती, पिशवीच्या एका कोपऱ्यात जमलेली, पिवळसर. वड्या वेगळ्या असताना गोठलेल्या होत्या, तर त्या एकत्र येऊन लादी व्हायचं एकच कारण, मध्ये पातळ झाल्या होत्या. नाकाला लावली तर कडवट, शिळ्या बियरसारखा वास. टाकून दिली. अशा लादीतून दही लावायला जाऊ नका, काय काय वाढलंय तिच्यात आपल्याला माहीत नसतं. बर्फाळलेल्या पाण्याच्या भांड्यावर एक नाणं ठेवायचं असतं, परत आल्यावर नाणं बर्फात आत गेलेलं दिसलं की समजायचं मध्ये लाइट गेली होती. हे मला आता आठवतंय.

बंगलोरला फोन केला, तर ही म्हणाली, मिरचीचे देठ घाल दुधात. हा सल्ला सगळे देतात. देठांवरही जंतू असतात, कोमट दुधात कधी कधी लागतंही, पण कोणते जंतू आपल्या दुधात आले हे नशिबावर. मी एकदा केलं होतं आणि त्याला तार सुटली होती. शिवाय इथे मी सूड घेण्याच्या मूडमध्ये होतो, मिरच्या खुडण्याच्या नाही.

म्हणून कपाट उघडलं. माझी आजी गावी जाताना धुतलेल्या मऊ फडक्याची पट्टी ताज्या दह्यात बुडवून सावलीत वाळवायची आणि पोचल्यावर तिचा तुकडा कोमट दुधात टाकायची. मी फडक्याऐवजी बटर पेपर घेतो. मेमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत दोन चमचे दही पेपरवर सुरीने इतकं पातळ पसरवलं की खालचा कागद दिसावा, वर मलमलचं फडकं, आणि पंख्याखाली दीड दिवस. उन्हात नाही, हे महत्त्वाचं. उन्हात कागदावरची उष्णता पन्नासच्या वर जाते, तिथे दही वाळतं खरं, पण आत फारसं कोणी जिवंत राहत नाही. वाळल्यावर पापुद्रे कुरकुरीत झाले की काचेच्या छोट्या बरणीत घट्ट झाकण लावून. हे पावसाळ्यात करायचं नाही, वाळत नाहीच, आधी आंबतं आणि मग बुरशी येते. खरं तर बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी टिकते, पण फ्रिजचं काय झालं ते तुम्ही वाचलंच. माझी बरणी कपाटात होती म्हणूनच वाचली, नाहीतर काकूंनी तिचंही बिल वाचवलं असतं.

रविवारी रात्री आठला एक चमचा पापुद्रे दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास भिजवले, बोटाने चोळून गुठळ्या मोडल्या. मग अर्धा कप उकळून निववलेल्या दुधात घातले. दूध इतकंच गरम की करंगळी बुडवली तर ऊब वाटावी, चटका नाही, चाळीस अंशांच्या आसपास. भांडं कॅसरोलमध्ये, कॅसरोल टॉवेलात. पहाटे चारला उठून बघितलं, जसंच्या तसं दूध. सकाळी आठला तेच. मी टॉवेल बदलला, जणू त्याने फरक पडतो. दुपारी चारला, म्हणजे वीस तासांनी, थोडा आंबूस वास आणि हलवल्यावर सैल थरथर, वर पाणी. चांगलं दही नव्हतं, पण जिवंत होतं. इथे बहुतेक लोक ते फेकून देतात. फेकायचं ते गुलाबी-नारिंगी ठिपके आले, बुडबुडे सुटले, नाहीतर कडू वास आला तर. नुसतं सैल असेल तर ते जरा गुंगीत असतं, इतकंच.

त्यातला एक चमचा पुढच्या अर्ध्या कपात. नऊ तासांत लागलं, अजून पातळ. त्यातला चमचा मंगळवारी सकाळी सहाला तिसऱ्या कपात, आणि बारा वाजता बघतो तर चमचा उभा. मी किचनमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो, चव चाखेपर्यंत थांबलोसुद्धा नाही. चव साधारण आहे, खरं सांगतो. आईच्या घरून आणलेलं विरजण म्हणून मी इतकी वर्षं सांगतो, पण प्रत्येक घरच्या दुधाने आणि गरमीने त्यातले जंतू बदलत असणारच, म्हणजे त्यात आईचं किती आणि कॅसरोलचं किती ते मला सांगता येणार नाही. हे हिला सांगू नका.

सोमवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. काकू. हातात माझीच वाटी, रात्री मी त्यांच्या टेबलावर विसरलो होतो. त्यात काठोकाठ दही, डेअरीचं.

"आता घे. आता चालतं."

मी पोह्यांवर घालून खाल्लं. छान होतं, त्याचाही राग आला.

आता मला त्यांच्याकडून किल्ली परत घ्यायची आहे, डिसेंबरमध्ये पुन्हा जायचंय. सकाळी मागितली तर काका दारात असतात आणि विषय काढतील. संध्याकाळी मागावी, तर दिवे लागल्यावर किल्ली द्यायला चालते का, हे काकूंना विचारायची हिंमत होत नाहीये.