बाळाच्या फ्लू लशीचा दुसरा डोस पुढच्या वर्षावर ढकलू नका

"फ्लूची लस मोठ्या माणसाला एकच देतात आणि एवढ्याशा बाळाला दोन, विचार करा! महिन्याभरात दोनदा टोचून बाळाच्या शरीरावर दुप्पट ताण येतो. इंग्लंडमध्ये मुलांना एकच डोस देतात. दुसरा डोस म्हणजे निव्वळ धंदा आहे, तो पुढच्या वर्षी घ्या, तेवढाच उपयोग होतो. प्रत्येक आईपर्यंत पोचवा."

हे माझ्या धाकट्या बहिणीने मला जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं, सोबत एक ओळ, "ताई, मी पाच तारखेची अपॉइंटमेंट कॅन्सल करू का गं?" तिची मुलगी आठ महिन्यांची, पहिला डोस 8 मे ला झालेला. मी गेली चौदा वर्षं लहान मुलांच्या दवाखान्यात लसीकरणाचं काम बघते, तरी हा मेसेज माझ्याच घरात शिरला आणि ती खरंच कॅन्सल करायला निघाली होती म्हणून हे सगळं लिहितेय, जरा चिडूनच लिहितेय.

सगळ्यात आधी ते मोठ्याला एक आणि बाळाला दोन. हे वाचायला इतकं पटतं की पुढचं कुणी वाचतच नाही, आणि नेमकं हेच सगळ्यात चूक आहे. लशीच्या डोसांची संख्या अंगाच्या आकारावरून ठरत नाही, ते काही तापाचं सिरप नाही वजनावर मोजायला. शरीराने तो विषाणू आधी पाहिलाय का, यावर ते ठरतं. तुम्ही आम्ही तीस-चाळीस वर्षांत फ्लूला कितीतरी वेळा सामोरे गेलोय, काही वेळा अंथरूण धरलं असेल, काही वेळा नुसती कणकण म्हणून सोडून दिलं असेल. त्यामुळे आपल्या शरीरात फ्लूची ओळख असलेल्या पेशी आधीपासून बसलेल्या आहेत, लस टोचली की त्या जाग्या होतात आणि दोन आठवड्यांत भरपूर अँटीबॉडी तयार करतात. म्हणजे मोठ्या माणसाचा तो एक डोस खऱ्या अर्थाने पहिला नसतोच, तो आठवण करून देणारा डोस असतो.

आठ महिन्यांच्या बाळाकडे आठवायला काहीच नाही. पहिल्या डोसला तिचं शरीर कोऱ्या पाटीपासून सुरू करतं. आधी ज्या पेशींना हा विषाणू थोडाफार ओळखता येईल त्या शोधायच्या, त्या वाढवायच्या, मग काखेतल्या-जांघेतल्या गाठींमध्ये त्यातल्या चांगल्या निवडत जायच्या. यात थोड्या अँटीबॉडी बनतात पण कमी बनतात आणि लवकर उतरतात. आणि फ्लूचं इंजेक्शन म्हणजे मेलेल्या विषाणूचे तुकडे, ते अंगात वाढत नाहीत, त्यामुळे शरीराला तेवढ्या एका टोचण्यात जे दिसेल तेवढंच. म्हणून पहिल्या डोसमधून मुख्य जे मिळतं ते म्हणजे ओळख. त्या ओळखीवर दुसरा डोस पडला की मग अँटीबॉडी खऱ्या अर्थाने वर जातात.

मग महिनाच का, आठवड्याने का नाही? कारण ती गाठींमधली निवड आठवड्यात होत नाही, काही आठवडे चालते. तयारी अर्धवट असताना दुसरा डोस दिला तर आठवण जागी करायला अजून आठवणच धड बनलेली नसते. म्हणून कमीत कमी चार आठवडे, म्हणजे 28 दिवस. लग्नाला गावी जायचंय म्हणून दोन आठवड्यांनी देऊन टाका असं म्हणणारे पालक माझ्याकडे दर सीझनला येतात, तो डोस दिला तरी मोजता येत नाही, परत द्यावा लागतो. उलट्या बाजूला एवढी कडक मर्यादा नाही. बाळ आजारी पडलं, सहा आठवडे झाले, दोन महिने झाले तरी पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, फक्त राहिलेला दुसरा द्यायचा. पण मधले ते सगळे दिवस बाळ अर्ध्या तयारीवर असतं एवढं लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल हे सगळं पुस्तकी झालं, प्रत्यक्षात फरक पडतो का? अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 2003-04 च्या फ्लू सीझनमध्ये हे प्रत्यक्ष तपासलं गेलं, 'पीडियाट्रिक्स' या मासिकात 2005 मध्ये ते छापून आलं. पाच हजारांहून जास्त लहान मुलं होती. 6 ते 23 महिन्यांच्या ज्या बाळांचे डोस पूर्ण झाले होते त्यांच्यात फ्लू-न्यूमोनियासाठी डॉक्टरकडे जावं लागण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने, 49 टक्क्यांनी, कमी झालं. आणि ज्यांचा एकच डोस झाला होता त्यांच्यात? दखल घेण्याजोगा फरक दिसलाच नाही, लस न घेतलेल्या बाळांसारखंच. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो कारण ते वर्ष लशीसाठी वाईट होतं, बाहेर फिरणारा विषाणू लशीतल्या विषाणूशी नीट जुळत नव्हता. तशा वर्षातसुद्धा दोन डोसवाल्या बाळांना आधार मिळाला, एकवाल्यांना नाही. तर मेसेजमधलं "तेवढाच उपयोग" कुठून आलं ते लिहिणाऱ्याने सांगावं.

आता पुढच्या वर्षी घ्या हा सल्ला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे कारण नुकसान इथे होतं. माझ्या भाचीचंच गणित मांडते, मी बहिणीलाही फोनवर हेच मोजून दाखवलं.

पहिला डोस 8 मे. 28 दिवस मोजले की 5 जून. दुसरा त्या दिवशी घेतला की दोन आठवडे, म्हणजे 19 जूनच्या आसपास ती तयार. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बाजूला फ्लू पावसाबरोबर वाढतो, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर दवाखाना भरलेला असतो, त्याआधी तिचं काम झालेलं असेल. पुढच्या मे मध्ये वार्षिक एक डोस. एकूण सुया तीन.

आता मेसेजप्रमाणे करू. 8 मे चा एक डोस, मग थेट पुढचा मे. मधला पूर्ण पावसाळा, आणि नंतर जानेवारी-मार्चमध्ये फ्लूची जी दुसरी छोटी लाट येते तीसुद्धा, बाळ अर्ध्या तयारीवर काढणार. आणि पुढच्या मे मध्ये एकावर सुटणार का? नाही. नियम असा आहे की नऊ वर्षांखालच्या मुलाचे आजवर सगळे मिळून दोन डोस झालेले नसतील तर त्या सीझनला चार आठवड्यांच्या अंतराने दोन द्यायचे. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी असंच मोजते आणि आमच्या दवाखान्यातही असंच मोजतात. म्हणजे पुढच्या वर्षी परत मे आणि जून. एकूण सुया किती? तीनच! पैसे तेवढेच, रडणं तेवढंच, फक्त ज्या वर्षी बाळ सगळ्यात लहान आणि फ्लू सगळ्यात धोक्याचा ते वर्ष उघडं गेलं. बहीण फोनवर गप्पच झाली हे ऐकून.

इंग्लंडचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. तिथे दोन वर्षांपुढच्या निरोगी मुलांना एकच डोस देतात. पण तो नाकात मारायचा स्प्रे असतो, त्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो, तो नाकात थोडाफार वाढतो, त्यामुळे शरीराला जास्त वेळ दिसतो. आपल्या बाळांना टोचतात ते इंजेक्शन वेगळं. आणि त्याच इंग्लंडमध्ये दमा, हृदयाचा आजार वगैरे असलेल्या नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. एवढं वाक्य मेसेजमधून गळलं कसं?

दुप्पट ताण वगैरेवर जास्त लिहीत नाही. एक दिवस कणकण, मांडी दुखते, बाळ चिडचिड करतं, कधी ताप येतो, बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत उतरतो. मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांनी फ्लू होऊ शकत नाही. आधीच्या डोसला अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं गंभीर काही झालं असेल तर दुसरा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, पण ताप आला होता हे दुसरा टाळायचं कारण नाही.

धंद्याचं बोलायचं तर लस महाग आहे हे खरंच आहे, लहान मुलांच्या सरकारी मोफत यादीत ती नाही, दोनदा खिशातून पैसे जातात आणि अनेक घरांना ते जड जातं, मी रोज बघते. त्याबद्दल राग असेल तर तो माझाही आहे. पण दुसरा डोस माझ्या किंवा कुठल्या दवाखान्याच्या डोक्यातून आलेला नाही. भारतीय बालरोग अकादमीच्या वेळापत्रकात सहाव्या महिन्याला पहिला, सातव्या महिन्याला दुसरा आणि मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एक असंच छापलेलं आहे. आणि धंदाच करायचा असता तर मोठ्या मुलांनाही दोन लावले असते ना? नऊ वर्षांपुढच्या मुलाला पहिल्यांदा देताना आम्ही एकच देतो, कारण तोवर बहुतेक मुलांची फ्लूशी गाठ पडून गेलेली असते.

याच मेसेजवर बहिणीच्या ग्रुपमध्ये एकीने विचारलं होतं की माझ्या मुलाला मागच्या वर्षी फ्लू होऊन गेला, मग त्याची ओळख झालीच की, एक डोस पुरे ना? प्रश्न चांगला आहे. पण एका आजारात एकाच प्रकारचा फ्लू भेटतो आणि लशीत तीन किंवा चार प्रकार असतात. बाकीच्यांसाठी मूल कोरंच असतं. शिवाय घरी "फ्लू झाला होता" म्हणतो त्यातले बरेच ताप दुसऱ्याच विषाणूंचे असतात, तपासणी केल्याशिवाय कळत नाही. तेव्हा त्यालाही दोनच.

भाचीचा दुसरा डोस 5 जूनला झाला. लसीकरणाच्या कार्डावर फ्लू-1 आणि फ्लू-2, तारखा, लशीचं नाव, सगळं लिहून घ्यायला सांगितलं मी बहिणीला, आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायला. पुढच्या मे मध्ये कुठल्याही दवाखान्यात गेली तरी पहिला प्रश्न हाच येणार की आजवर किती झाले.