जठर स्वतःलाच का पचवत नाही?

"पोटात अन्न सडून ॲसिड बनतं. सकाळी पोट रिकामं असलं की तेच ॲसिड जठराची भिंत खातं. रोज उपाशीपोटी चमचाभर खायचा सोडा घ्या, ॲसिड मुळापासून जाईल."

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने सोडा सुरू केला. तिला रक्तदाब आहे, आणि चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सडण्याचा इथे काही संबंध नाही. ॲसिड बनवतात जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून त्या हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट तयार करतात. हायड्रोजनला एक पंप जठराच्या पोकळीकडे ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. क्लोराइडही पोकळीत उतरतं, की झालं हायड्रोक्लोरिक ॲसिड. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा एकाने उतरला की ॲसिड दहापट तीव्र. पेशीच्या आत तो ७ च्या आसपास, बाहेर १ च्या जवळ, म्हणजे दहा लाख पटींचा फरक. तो राखायला भरपूर ऊर्जा खर्ची पडते. जोर येतो तो खाताना. पोट रिकामं असताना हे काम मंदच चालतं.

भिंत खाण्याचा मुद्दा मात्र निखालस खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने १७७२ मध्ये लिहून ठेवलंय की अचानक मेलेल्या माणसांच्या शवात कधी कधी जठराची भिंत विरघळलेली सापडते. म्हणजे ती पचू शकते. पण मेल्यावर! जिवंतपणी काय वेगळं असतं?

उत्तर त्या उरलेल्या बायकार्बोनेटमध्ये आहे. पॅरायटल पेशी ते दुसऱ्या बाजूने रक्तात सोडते. तेच रक्त बारीक वाहिन्यांतून वर, अस्तराच्या पृष्ठभागापर्यंत जातं. तिथल्या पेशी बायकार्बोनेट उचलतात आणि स्वतःवरच्या चिकट थरात सोडतात. पोकळीत पीएच १-२ असला तरी या थराच्या तळाशी तो जवळजवळ ७ राहतो. शिवाय पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच बदलून नव्या येतात. रक्त थांबलं की हा पुरवठाही थांबतो. हंटरला शवांत दिसलं ते त्यामुळेच.

आणि सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच! ते पोकळीतलं ॲसिड थोडा वेळ मारतं, ढेकर येते, बरं वाटतं. पण पीएच चढला की ॲसिड बनवायला लावणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकावरचा लगाम सुटतो आणि पेशी पुन्हा कामाला लागतात. "मुळापासून" काही जात नाही.

भिंतीला खरोखर इजा करणारी दोन मोठी कारणं मेसेजमध्ये नाहीतच. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. दुसरं, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात, त्यामुळे चिकट स्राव, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा तिन्ही घटतात. मावशी गुडघ्यांसाठी अशीच गोळी रोज घेते. तिला सोडा बंद करायला सांगितलंय, आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर तडक दवाखाना गाठायला.