२०,००० ऑप्शन्स म्हणजे नेमके किती?

परवा एका ज्युनिअरचा फोन आला, "दादा, स्टार्टअपची ऑफर आलीये, पगार आत्तापेक्षा कमी आहे पण २०,००० ऑप्शन्स देतायत, घेऊ का?" मी विचारलं एकूण शेअर्स किती आहेत, तर म्हणे ते विचारलंच नाही. पहिल्या स्टार्टअपच्या वेळी मीही विचारलं नव्हतं, आकडा मोठा दिसला आणि सही केली, म्हणून हे मनापासून लिहितोय.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचा एक शेअर विकत घ्यायचा हक्क, पण नुसत्या २०,००० ला काही अर्थ नाही. विचारायचं असं की 'फुली डायल्यूटेड' शेअर्स किती, म्हणजे सगळे शेअर्स, वाटलेले ऑप्शन्स आणि राखून ठेवलेला पूल धरून. उत्तर १ कोटी आलं तर तुमचा वाटा ०.२ टक्के, १० कोटी आलं तर ०.०२.

पण खरी गंमत पुढे आहे आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. कंपनीने आत्तापर्यंत किती पैसे उचललेत आणि विक्री झाली तर आधी कुणाचे फिटतात? समजा ३० कोटी उचललेत, गुंतवणूकदारांकडे ४० टक्के आहेत आणि आपले पैसे आधी परत घ्यायचा हक्क आहे (याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात). कंपनी ४० कोटींना विकली. तुम्ही मनात ०.२ टक्क्याने ८ लाख धरून बसलेले असता. पण ४० टक्क्यांचे १६ कोटी घेण्यापेक्षा ते हक्काने ३० कोटी घेणार, राहिले १० कोटी, ते १ कोटीपैकी उरलेल्या ६० लाख शेअर्समध्ये वाटायचे, म्हणजे शेअरमागे साधारण १६.६७ रुपये आणि तुमचे होतात ३.३३ लाख. त्यातून ऑप्शन वापरून शेअर घ्यायची किंमत जाते, ती शेअरमागे ५ असेल तर १ लाख वजा. आणि हे सगळे ऑप्शन्स वेस्ट झालेत, म्हणजे ठरलेला काळ काम करून तुमच्या हक्काचे झालेत असं धरून, वेस्टिंग बहुतेक ठिकाणी ४ वर्षांचं असतं आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर हाती शून्य.

अजून एक, नोकरी सोडल्यावर ऑप्शन्स वापरून शेअर्स घ्यायला किती दिवस मिळतात? बऱ्याच ठिकाणी फक्त ९० दिवस, तेवढ्यात खिशातून पैसे भरा नाहीतर सोडून द्या. माझे असेच गेले, वेस्ट झालेले होते पण तेव्हा भरायला पैसे नव्हते.

रिस्कसाठी मी एकच विचारतो: बँकेत किती आहेत आणि महिन्याला किती जळतात? ६ कोटी आणि महिन्याला ५० लाख म्हणजे १२ महिने. पुढची फंडिंग जमवायलाच सहा-सहा महिने जातात, तेव्हा प्रत्यक्षात हातात सहाच धरा. 'सीरीज ए लवकरच क्लोज होतेय' असं फाउंडर म्हणाला तर टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही झालीये का ते विचारा, आणि झाली असली तरी खात्यात पैसे येईपर्यंत ती मोजू नका.

त्या ज्युनिअरने हे सगळं एचआरला मेल केलं. एकूण शेअर्सचा आकडा लगेच कळवला, प्रेफरन्सबद्दल मात्र 'जॉइन झाल्यावर बोलू'. मी त्याला सांगितलंय, ते उत्तर लेखी येईपर्यंत राजीनामा टाकू नकोस.