एका लिटरमधलं पेट्रोल किती?

काल अकरावीच्या अर्थशास्त्राच्या तासाला पाण्याची एक लिटरची बाटली आणि रंगीत चिकटपट्ट्या घेऊन गेलो. वर्गात दोन तट पडले होते. एक म्हणत होता, पेट्रोल केंद्रामुळे महाग. दुसरा म्हणत होता, राज्यामुळे. दोघंही घरी ऐकलेलंच बोलत होते.

मी फळ्यावर दिल्लीचा 16 फेब्रुवारी 2021 चा हिशोब मांडला. त्या दिवशी दर होता 89 रुपये 29 पैसे. वाहतुकीसह पेट्रोल पंपमालकाला पडत होतं 32.10 रुपयांना. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क 32.90, पंपमालकाचं कमिशन 3.68 आणि राज्याचा व्हॅट 20.61. मग मुलांनीच बाटलीवर पट्ट्या लावल्या. 1000 मिलीपैकी पेट्रोलच्या किमतीचा भाग जेमतेम 360 मिलीपर्यंत आला. केंद्राची पट्टी त्याहून थोडी मोठी, 368 मिलीची. राज्याची 231. वर्ग एकदम गप्प झाला.

खरी गंमत पुढे होती. व्हॅट 30 टक्के, पण कशावर? एका मुलीने वहीत करून पाहिलं: 32.10, 32.90 आणि 3.68 यांची बेरीज 68.68, तिचे 30 टक्के म्हणजे साधारण 20.60. "सर, म्हणजे राज्य केंद्राच्या करावरही कर घेतं?" होय. 32.90 वरचेच 9.87 रुपये होतात. केंद्राने शुल्क वाढवलं की टक्केवारीने व्हॅट घेणाऱ्या राज्याची कमाई काही न करता वाढते.

मग केंद्र पुरेसा वाटा देत नाही, ही राज्यांची तक्रार खोटी? तीही नाही. त्या 32.90 पैकी राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ उत्पादन शुल्क फक्त 1.40 होतं. बाकीचे 31.50 रुपये उपकर आणि अधिभार, ते पूर्ण केंद्राचे. 1.40 चे 41 टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे 57 पैसे, सगळ्या राज्यांना मिळून!

हे चित्र कायमचं नाही, हेही मी मुलांना सांगितलं. नोव्हेंबर 2021 मध्ये 5 आणि मे 2022 मध्ये 8 रुपये शुल्क कमी झालं. त्यानंतर दिल्लीच्या 96.72 रुपयांत दोन्ही कर मिळून 35.61 रुपये, म्हणजे सुमारे 37 टक्के राहिले. "पेट्रोल म्हणजे निम्म्याहून जास्त कर" हे वाक्य बोलताना तारीख सांगावीच लागते.

तास संपताना एका मुलाने दप्तरातून वडिलांच्या पंपाची पावती काढली. दर, लिटर, रक्कम. कराचं नाव नाही. हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे छापतात, मग पेट्रोल जीएसटीबाहेर असलं तरी पावतीवर दोन ओळी छापायला काय हरकत आहे? केंद्राचे इतके, राज्याचे इतके. मला तर यात एकही अडचण दिसत नाही, आणि मुलांनाही सापडली नाही.