तूप कढवलं आणि त्यात परत पाणी घातलं

पोरीच्या वाढदिवसाला ब्राऊन बटर कुकीज करायच्या असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे काय करायचं असतंय?" मी म्हटलं, बटर मंद आचेवर वितळवायचं, उकळवायचं, आणि खाली जे बसतं ते तपकिरी झालं की बंद करायचं. आई दोन मिनिटं माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "खुळ्या, त्याला बेरी म्हणत्यात. तूप कढवायलास तू."

तिला समजावून सांगितलं की हे तूप नव्हे, फ्रेंच लोक याला हेझलनट बटर म्हणतात, तुपात आपण बेरी गाळून बाजूला काढतो आणि इथं बेरीसाठीच सगळा खटाटोप असतो. हे ऐकून तिला आणखीच हसू आलं, कारण लहानपणी बेरीत साखर घालून खायला आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या आणि आता तीच बेरी करायला मी पैसे देऊन अनसॉल्टेड बटर आणलं होतं. (अनसॉल्टेडच घ्यायचं बरं का, पाणी उडून जातं पण मीठ कुठंही जात नाही, ते सगळं कुकीत उतरतं.)

पहिल्या दिवशी २०० ग्राम बटर काळ्या नॉनस्टिक कढईत घातलं. घरात ती एकच कढई चकचकीत होती म्हणून घेतली, आणि तिथंच माती खाल्ली. बटर वितळलं, तडतडलं, फेस आला, मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणं चमचा फिरवत उभा राहिलो. रंग काही दिसेना. काळ्या कढईत तपकिरी काय दिसणार, आणि वरून फेसाची गोधडी. तेवढ्यात खाली दूधवाल्यानं हाक मारली, मी गॅलरीतून "आलो आलो" म्हणून परत वळलो, तर घरात रंकाळ्यावर कणसं करपवल्यासारखा वास. फेस बाजूला सारला तर खाली कोळशाची पूड. कडू जहर. गाळलं तरी कडवटपणा जात नाही, तो तुपात उतरलेला असतो, त्यामुळं ते वाचवायच्या भानगडीत पडू नका.

दुसऱ्या दिवशी स्टीलचं पातेलं घेतलं. तळ पांढरा दिसतो, तिथं कण कुठल्या रंगाचे आहेत ते कळतं. मी फेस फुंकून फुंकून आत डोकावत होतो तर आई मागनं म्हणाली, "फेसाकडं काय बघायलास, आवाज ऐक की."

आणि भावांनो, सगळी विद्या त्या आवाजात आहे. बटरमध्ये साधारण सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं, ते उकळून उडताना तडतड करतं, मोठे मोठे बुडबुडे येतात, आणि जोवर ते पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशाच्या फार पुढं जात नाही, म्हणजे तोवर तुम्ही निवांत फोन घेऊ शकता. पाणी संपलं की आवाज पडतो. पातेलं एकदम गप्प. मग दुसरा फेस येतो, बारीक, साबणासारखा, आणि गाफील माणूस इथंच मरतो, कारण आता थंड ठेवायला पाणी नाही, तापमान झरझर चढतं आणि दुधाचे कण सोनेरी ते तपकिरी ते काळे हा प्रवास मिनिटभरात उरकतात. आवाज थांबला की आच कमी करायची, चमच्यानं तळ खरवडत राहायचं आणि दूधवाला काय, लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी आलं तरी हलायचं नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास सुटला आणि कण शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाला आले की बंद.

बंद केलं मी. बरोब्बर वेळेला. आणि पातेलं तिथंच ओट्यावर ठेवून आनंदानं फोटो काढला. फोटो काढेपर्यंत ते आणखी दोन शेड पुढं गेलं, कारण गॅस बंद झाला तरी पातेलं तापलेलंच. म्हणून आधीच शेजारी गार स्टीलचा डबा मांडून ठेवायचा आणि सगळं लगेच त्यात ओतायचं, तळाची बेरी खरवडून. बेरी पातेल्यात राहिली तर तुम्ही नुसतं महागडं तूप केलंत.

तिसऱ्या दिवशी जमलं. रंग जमला, वास असा की शेजारच्या काकू "काय भाजताय" म्हणून डोकावून गेल्या. त्यात रेसिपीप्रमाणं साखर, अंडं, मैदा घातला आणि गोळा करायला घेतला तर मुठीत वळेना, रव्यासारखं भुरुभुरु, दाबलं की तेलकट. तरी भाजल्या. उचलायला गेलो की पडायच्या. आईनं एक तुकडा जिभेवर ठेवून निदान केलं, "मोहन जास्त झालंय. शंकरपाळी तेलात विरघळत्यात बघ, तसं."

पण मी तर मोजून घेतलं होतं! डोक्यात प्रकाश पडायला रात्र गेली. मोहन वाढलं नव्हतं, पाणी कमी झालं होतं. रेसिपी साध्या बटरची, तिच्यात बटरमधलं पाणीही धरलेलं असतं, त्या पाण्यानं मैदा बांधला जातो, साखर थोडी विरघळते. मी ते वाफ करून छताला लावलं आणि मैद्याला नुसतं तूप पाजलं.

मग बायकोचा डिजिटल काटा काढला आणि गुजरीत सोनं तोलावं तशा गांभीर्यानं बसलो. रिकामं पातेलं ४१० ग्राम. बटरसकट ६१०. कढवून झाल्यावर लगेच परत काट्यावर (खाली जाड लाकडी पाट ठेवून, आधी त्याला शून्य करून, नाहीतर काटा वितळतो), ५७९. म्हणजे ३१ ग्राम पाणी गेलं. म्हणजेच दोन टेबलस्पून आणि वर थेंबभर. तेवढंच परत घालायचं, पण डबा कोमट झाल्यावर, कारण कडक तुपात पाणी टाकलं तर काय होतं ते माझ्या मनगटावर अजून आहे. पाणी तळाला जाऊन बसतं, घाबरायचं नाही, अंडं आणि साखर घालून फेटलं की एकजीव होतं.

घरच्या लोण्याला मात्र हा हिशोब लावू नका. गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधाच्या सायीचं लोणी मीही घेऊन बघितलं, त्यात ताक किती राहिलंय हे देवालाच ठाऊक. तिथं गेलेलं सगळं पाणी परत घातलं तर कुकीची आंबोळी होते. कढवून जे उरलं ते तोला आणि त्याच्या पाचव्या भागापेक्षा किंचित कमी पाणी घाला, म्हणजे १६० ग्राम उरलं तर तीसेक ग्राम. मग ते परत बटरच्या जवळपास येतं.

केकला आणखी एक फाटा आहे. जिथं बटर आणि साखर फेसायची असते तिथं पातळ ब्राऊन बटर चालत नाही, त्यात हवा धरत नाही, केक बसतो. पाणी परत घालून थंड करायचं, फ्रीजमध्ये ठेवलं तरी मधून मधून ढवळायचं, नाहीतर बेरी तळाला आणि वर रवाळ तूप. बोट दाबलं की खळगा पडावा इतपत घट्ट झालं की मग फेटायला घ्यायचं.

वाढदिवसाला कुकीज झाल्या. पोरीनं चार खाल्ल्या, आईनं एक खाल्ली, दुसरी पदराखाली घेतली. तेवढ्यात मावशीचा इचलकरंजीहून फोन, भाचा काय करतोय म्हणून.

"काय न्हाई," आई म्हणाली, "चार दिवस तूप कढवलं आणि त्यात परत पाणी घातलं."