ठेकेदाराच्या उधारीवर चाललेले पगार

"ठेकेदाराचे बिल आम्ही ठरल्या मुदतीत चुकते केले. त्याने पोरांचे पगार केले नाहीत आणि आता फोन बंद करून बसला आहे. तो भुर्दंड आम्ही का सोसायचा?" असा प्रश्न चाकणला सुट्या भागांचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या मित्राने मला विचारला.

कारण कायद्याने तो आधीपासूनच त्याच्यावर टाकलेला आहे. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ने पगाराची पहिली जबाबदारी ठेकेदारावर ठेवली. मात्र त्याने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर मूळ मालकाने तो भरावा आणि मग ठेकेदाराच्या येणे रकमेतून कापून घ्यावा किंवा कर्ज म्हणून वसूल करावा, असेही त्याच कलमात सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत हीच व्यवस्था कलम ५५मध्ये पुढे चालू राहिली आहे. मित्राकडे साठ कंत्राटी कामगार आहेत, म्हणजे हे कलम लागू होण्यासाठीची पन्नास कामगारांची मर्यादा ओलांडलेली आहे, त्यामुळे पळवाट नाही.

पण मला त्याच्या प्रश्नातली "ठरल्या मुदतीत" ही सबब अधिक तपासावीशी वाटते. करारात बिलाची मुदत पंचेचाळीस दिवसांची होती. साठ माणसे, सरासरी अठरा हजार, म्हणजे महिन्याला दहा लाख ऐंशी हजार रुपये पगारापोटी. जूनचा पगार ७ जुलैपर्यंत व्हायला हवा, आणि जूनच्या बिलाचे पैसे येणार २० ऑगस्टच्या सुमारास. तोवर ७ ऑगस्ट उजाडून जुलैचाही पगार द्यायची वेळ आलेली असते. म्हणजे कारखान्याकडून त्या कामाचा एक रुपया हाती येण्याआधी ठेकेदाराने साडेएकवीस लाखांहून अधिक रक्कम खिशातून उभी करायची, आणि त्याचे कमिशन पाच टक्के, म्हणजे महिन्याला चोपन्न हजार. एवढ्या कमाईवर एवढे भांडवल कोण बाळगतो? तो सावकाराकडून उचल घेतो, एका कारखान्याचे पैसे दुसऱ्या कारखान्याच्या पगारात फिरवतो, आणि कुठेतरी एक बिल अडकले की सगळी साखळी तुटते. मित्र ज्याला ठेकेदाराची लबाडी म्हणतो, तिच्यात त्याच्या स्वतःच्या उधारीचा वाटा मोठा आहे.

इथे हिशेब नीट मांडला, तर भुर्दंड त्याला वाटतो तेवढा नाही. थकलेले पगार जून आणि जुलैचे. ठेकेदार गायब झाला जूनचे बिल मिळाल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस. जुलैचे बिल अजून दिलेलेच नाही, म्हणजे जुलैचा पगार त्यातूनच निघतो. दोनदा भरावा लागणार तो फक्त जूनचा. आणि तोही टळला असता, कारण ७ जुलैला पगार झाला नाही, हे २० ऑगस्टला बिल सोडेपर्यंत सहा आठवडे कारखान्यात कोणी विचारलेच नाही. पोरांना मात्र रोज ऐकवले जात होते, "बिल आले की देतो."

मित्राच्या ओळखीतल्या एका निवृत्त कामगार अधिकाऱ्याने फोनवर मला त्या विचारण्याची जुनी पद्धत सांगितली. कायद्याने मूळ मालकाचा प्रतिनिधी पगारवाटपाला हजर राहायचा आणि पगारपत्रकावर "माझ्या समक्ष दिले" अशी सही करायचा. प्रत्यक्षात महिनाअखेरीस कोऱ्या तक्त्यांवर सह्या होत, असे ते म्हणाले. आता पगार बँकेतून होतात, म्हणून समक्ष पाहण्याऐवजी ताडून पाहणे आले. त्यांचा सल्ला सोपा आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या मासिक विवरणात प्रत्येक नावापुढे पगाराची रक्कम आणि बिनपगारी दिवसांचा रकाना असतो. फाटकावरच्या हजेरीत माणूस सव्वीस दिवस आणि विवरणात अकरा दिवस बिनपगारी दिसला, तर काय समजायचे ते समजावे. बँकेत पूर्ण पगार जमा करून दुसऱ्या दिवशी कार्ड ठेकेदाराकडे ठेवून घेण्याची चाल मात्र कागदावर दिसत नाही. ती कामगाराशी बोलल्यावरच कळते.

कारखान्याच्या एचआर मॅनेजरला हे पटत नाही. हजेरी-पगारात आपण हात घातला, तर ठेका बनावट आहे आणि कामगार आपलेच आहेत, असा दावा उभा राहील, ही त्यांची भीती. ती अर्धी खरी आहे. नेमणूक, शिस्तभंग, रजा सगळे कारखानाच पाहत असेल, तर न्यायालय ठेक्याच्या कागदामागे जाऊन पाहते. पण कायद्यानेच सांगितलेली पगाराची तपासणी केली, एवढ्यावरून कामगार आपोआप कायम होत नाहीत. सरकारने ठेकापद्धतीवर बंदी घातली म्हणून कामगारांना आपोआप सामावून घेणेही सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालात नाकारले. रेषा नेमकी कुठे, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरते, हे मान्य.

मी नेदरलँड्समध्ये टिलबर्गजवळच्या एका गोदामात कामाचे नियोजन पाहतो, आणि आमची निम्मी माणसे एजन्सीची असतात. २०१५च्या कायद्याने इथे एजन्सी आणि तिची माणसे वापरणारी कंपनी पगारासाठी एकत्रितपणे जबाबदार आहेत. कामगार थेट आमच्यावर दावा लावू शकतो. आपला काही दोष नव्हता, हे सिद्ध केले तरच कंपनी सुटते. म्हणून आमचा खरेदी विभाग पगाराच्या पावत्या आणि बँकेचे पुरावे आधीच मागून घेतो. चाकणमधल्या आणि इथल्या कायद्यांत मला दिसणारा मोठा फरक हाच आहे. आपल्याकडे मालकाची जबाबदारी पगार थकल्यावर जागी होते, इथे निर्दोषत्वाचा पुरावा आधीपासून जमवावा लागतो.

तरी हा देश फार मोठा आदर्श नाही. एजन्सीच्या बिलाचा सुमारे चौथा भाग आम्ही एका बंद खात्यात भरू शकतो, पण त्या खात्यातून फक्त कर आणि सामाजिक वर्गणी जाते. सरकारी तिजोरी सुरक्षित राहते, कामगाराचा पगार नव्हे. एजन्सीचे प्रमाणपत्र पाहिले की आपण सुटलो, असे माझा एक डच सहकारी अजूनही मानतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका पोलिश गृहस्थाचे ओव्हरटाइमचे पैसे अडकले होते, ते आमच्याकडे मागता येतील, असे त्यांना सांगितले तर ते म्हणाले, "खोली एजन्सीची आहे. नोकरी गेली की खोलीही जाते." हक्क कागदावर असूनही त्यांनी दावा केला नाही. २०२७पासून एजन्सींना मान्यता आणि एक लाख युरोंची अनामत लागणार आहे, ती अशाच तक्रारींनंतर.

पैसा मध्यस्थाच्या हाती जाऊच द्यायचा नाही, हा तिसरा मार्ग महाराष्ट्राने १९६९च्या माथाडी कायद्याने घेतला. मालक पगार आणि लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला देते. त्या व्यवस्थेच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ठेकेदार पळून जाण्याची तक्रार त्यात उरत नाही. माझ्या पुण्यातल्या बहिणीने हे ऐकताच आपल्या सोसायटीच्या सहा वॉचमनचा विषय काढला. सुरक्षारक्षकांसाठी १९८१पासून असेच मंडळ आहे. तिच्या सोसायटीची एजन्सी मात्र सवलत घेतलेली, त्याबाहेरची. सहा माणसे पन्नासच्या मर्यादेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून सोसायटीच्या आकड्यावरून कलम ५५ तिथे चालत नाही. वेतन संहितेच्या कलम ४३मध्ये नियोक्त्याने पगार चुकवला, तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी टाकणारे परंतुक आहे आणि त्याला माणसांची मर्यादा नाही. पण ती आस्थापना एजन्सीची की सोसायटीची, यावर वकिलांत दोन मते आहेत.

मित्राला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या: जूनचा पगार आधी द्यावा आणि ठेकेदारावर वसुलीचा दावा नंतर लावावा, नव्या ठेक्यात बिलाची मुदत पगाराच्या तारखेआधीची ठेवावी, आणि मागच्या महिन्याचे विवरण ताडून पाहिल्याशिवाय बिल सोडू नये. दुसऱ्या गोष्टीने आपले खेळते भांडवल अडकेल, अशी त्याची तक्रार आहे. आजवर ते ठेकेदाराचे आणि त्या साठ जणांचे अडकत होते.